तीन वाट्या

आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पितळेच्या तीन वाट्या आहेत. त्यांत कधी कुणी जेवलं नाही. त्या शिकवण्याच्या वाट्या होत्या आणि शिकवणारा माणूस आता नाही.

मी त्यांना आयुष्यभर ‘अहो’ म्हणत आले. नाव घ्यायची सवय तेव्हा नव्हती, आता लावून घ्यावीशी वाटत नाही. म्हणून इथेही ‘ते’ एवढंच.

ते परप्रांतातून आलेल्या लोकांना मराठी शिकवत. छावणीतले फौजी, बँकेत बदलून आलेले अधिकारी, वाळूजच्या कारखान्यांतले इंजिनीअर, हॉस्पिटलांतल्या नर्स. आमच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी सतरंजी पडायची. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात होते. घरी आले की आधी चहा आणि मग वाट्या, कारण नव्या तुकडीचा पहिला धडा नकाराचा असे. ते म्हणत, ‘हो’ म्हणायला माणूस कसाही शिकतो. परक्या गावात अडतं ते नाही म्हणताना.

एक वाटी रिकामी असायची. दुसरीत कारल्याचा रस. तिसरीत मीठ, पण बारीक खड्याचं, साखरेसारखं दिसणारं. रिकाम्या वाटीवर बोट ठेवून ते विचारत, “यात काय आहे?” उत्तर, “काही नाही.” कारल्याची वाटी एकेकाच्या तोंडाशी नेत. “घ्या.” उत्तर, “नको.” मग तिसरी पुढे करत. “ही साखर ना?” कुणीतरी चिमूट तोंडात टाकून तोंड वाकडं करी, आणि ते सांगत, “म्हणा, ही साखर नव्हे, मीठ आहे.”

हिंदी बोलणाऱ्यांची इथे फार ओढाताण व्हायची. त्यांच्याकडे एक ‘नहीं’ जवळजवळ सगळीकडे चालतं. बिहारहून आलेला एक बँक अधिकारी, फार सज्जन माणूस, मी चहाचा ट्रे पुढे केला की हात जोडून म्हणे, “वहिनी, मला चहा नाही.” ते म्हणत, “असं कसं? तुमच्या वाटणीचा आहे की. वहिनींवर आळ घेऊ नका.” तो बिचारा गोंधळे. मग त्याला समजावत, चहा नाही म्हणजे घरात चहाच नाही. चहा नको म्हणजे चहा आहे, पण मला तो घ्यायचा नाही. “तिथे नाही बसा” असं तो म्हणाला की ते दुरुस्त करत, “तिथे बसू नका. एकट्याला, जवळच्याला ‘बसू नको’. मोठ्याला ‘बसू नका’.” केरळच्या एका नर्सला मात्र काहीच सांगावं लागलं नाही. तिन्ही वाट्या बघून ती हसली आणि म्हणाली, “सर, आमच्याकडे पण तीन. इल्ला, वेण्डा, अल्ला.” त्या दिवशी ते रात्रीच्या जेवणापर्यंत खूश होते.

‘नव्हे’बद्दल ते ताणून धरत नसत. सांगत, “‘मी डॉक्टर नाही’ म्हणालात तरी बरोबरच आहे, सगळे तसंच बोलतात. पण एकाला दुसरं समजलं जात असेल, आणि ते बाजूला सारायचं असेल, तर ‘नव्हे’ म्हणा. मी डॉक्टर नव्हे, कंपाउंडर आहे. लोक थांबून ऐकतात.”

आणि धडा संपताना एक गोष्ट ते नेहमी सांगत, ती कुठल्या व्याकरणात नाही. “आमच्या मराठी माणसाकडे जेवायला गेलात तर तुमचं ‘नको’ कुणी ऐकणार नाही. पहिलं नको संकोचाचं धरतात, दुसरं रीतीचं धरतात. खरंच नको असेल तर बोलू नका. ताटावर हात आडवा धरा. मग वाढणारी बाई थांबते.” असं म्हणून ते आपला डावा हात समोरच्या रिकाम्या वाटीवर पालथा धरून दाखवत. डावा, कारण उजवा उष्टा असतो.

फाल्गुनात एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. मी आवाज ऐकून गेले तेव्हा ते मोरीच्या कठड्याला टेकून बसले होते आणि तोंड उजवीकडे ओघळलं होतं. मी विचारलं, “अहो, काय झालं?” ते म्हणाले, “नाही.” मी म्हटलं, “दुखतंय का?” म्हणाले, “नाही.” रिक्षात, हॉस्पिटलच्या दारात, मशीनच्या खोलीत नेताना, सगळ्याला तोच शब्द. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडली होती. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं गेलं. गिळणंही गेलं.

बोलणं गेलं म्हणजे आवाज गेला असं नव्हे. शब्द सापडायचे बंद झाले. ‘नाही’ तेवढा उरला, आणि तो सगळीकडे यायचा. पाणी हवं का विचारलं की “नाही” म्हणायचे आणि डावा हात पेल्याकडे जायचा. मुलगा पुण्याहून आला, पलंगाजवळ वाकून म्हणाला, “बाबा, मी आलोय.” त्यांचे डोळे भरले आणि ते म्हणाले, “नाही, नाही.”

गिळता येत नव्हतं म्हणून नाकातून पोटात नळी घातली. दर दोन तासांनी सिरिंजने पातळ पेज आणि पावडरीचं दूध त्यातून जायचं. त्यांनी ती ओढून काढली. पुन्हा घातली. पुन्हा ओढली, तेव्हा नाकातून रक्त आलं. मग वॉर्डातल्या बाईंनी त्यांचा डावा हात गॉजच्या पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधला. एक हात आजाराने घेतला होता, दुसरा आम्ही बांधला.

डॉक्टर वयस्क होते, उद्धट नव्हते. ते म्हणाले, “वहिनी, हे मुद्दाम करत नाहीत. नाकात काहीतरी टोचतं, हात जातो. नाकातली नळी फार दिवस ठेवताही येत नाही. पोटाला छोटं छिद्र करून तिथून नळी घालू. मग काही वर्षं काळजी नाही.”

“आणि ते नाही म्हणतात ते?” मी विचारलं.

“ते सगळ्यालाच नाही म्हणतात. अशा पेशंटच्या तोंडात एखादा शब्द अडकून राहतो. कधीकधी त्यांना हो म्हणायचं असतं आणि बाहेर नाही पडतं. त्यावर आपल्याला काही ठरवता येणार नाही.”

मुलगा म्हणाला, “मग नळी घाला.” डॉक्टर गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, “आई, नाहीतर काय, उपाशी ठेवायचं?”

मी बांधलेल्या हाताची पट्टी थोडी सैल केली.

बोलण्याचे आणि गिळण्याचे उपचार एकच बाई करतात हे मला तिथे कळलं. ती तिशीच्या आतबाहेरची, सिल्लोडची मुलगी होती. डोक्यावरचा दुपट्टा सारखा घसरायचा आणि ती तो सारखा सावरायची. ती त्यांना पहिल्या दिवसापासून सर म्हणाली. तिच्याकडे चित्रांची कार्डं होती. मांजर, बादली, कुलूप. त्यांनी कार्डांवरून नजर काढून खिडकीकडे वळवली. तिने विचारलं, “सर, तुमचं गाव वैजापूर का?” “नाही.” “फुलंब्री का?” “नाही.” फुलंब्रीच त्यांचं गाव.

“काकू, हा शब्द आपोआप येतोय,” ती बाहेर आल्यावर म्हणाली. “ह्यावरून हो का नाही ते मलाबी कळणार नाही. पण मराठीत एक सोय हाये. नकार तीन हायेत. नुसतं नाही येत असंल तर त्याला अर्थ नाही. पण जिथं नको पाहिजे तिथं नको आला, जिथं नव्हे पाहिजे तिथं नव्हे आला, तर माणूस आत जागा हाये. मंग त्याचं ऐकायला पाहिजे.”

मी तिला सांगितलं की त्यांनी जन्मभर तेच शिकवलं.

“खरंच?” ती पलंगाशी जाऊन म्हणाली, “सर, आमच्या घरी अम्मी दिवसभर ‘ऐसा नक्को करो’ करते. तुमच्या तिन्हीतलं आम्ही नको तेवढं उचललं. बाकीचे दोन तुमच्याकडंच ऱ्हायले.” त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसणंच होतं ते. आजारानंतर मी पहिल्यांदा पाहिलं.

‘नको’ आधी परत आला. तोंड साफ करायला ती कापसावर कडू औषध लावून आणायची. चार-पाच दिवस ते तोंड फिरवत राहिले. एका सकाळी कापूस ओठांशी येताच फार कष्टाने आवाज आला, “न... नको.” तिने लगेच हात मागे घेतला. “नको ना? नाही लावत. बघा, थांबले.” मग मला हळूच म्हणाली, “काकू, थांबलं पाहिजे. म्हटल्यावर समोरचा थांबला तर शब्द पक्का व्हतो. न्हाईतर कशाला परत म्हणंल माणूस?”

दुसऱ्या दिवशी नळीतून दूध देताना ते नळीकडे बघून म्हणाले, “नको.” वॉर्डातल्या बाईंनी दूध देणं थांबवलं नाही. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना तसंच सांगितलेलं होतं.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, एक शब्द एकदा आला म्हणून ठरत नाही. मुलगा म्हणाला, “आई, बाबा जेवतानासुद्धा नकोच म्हणायचे. आणि मग दोन पोळ्या खायचे.” हे खरं होतं. आमच्या घरात ‘नको’ हा शब्द कधी कुणी ऐकलेलाच नव्हता. मी स्वतः किती वेळा त्यांच्या नकोवर तुपाची धार धरली असेल.

त्या दिवशी घरी पाण्याचा दिवस होता, नळाला आठवड्यातून एकदा येतं ते पाणी भरून घ्यायला मी गेले होते. हौद भरेपर्यंत स्वयंपाकघरात बसले. फळीवर वाट्या दिसल्या. त्या नेल्या तर ते बोलतील असं मला वाटलं, आणि ते बोलले तर काय बोलतील हेही मला माहीत होतं. त्यांना ते जमू नये, असं त्या वेळी माझ्या मनात आलं. जमलं नाही तर नळी बसेल आणि ते राहतील; माझ्यासमोर, पलंगावर, कसेही. तरी मी वाट्या पुसून पिशवीत घातल्या. मीठ घेतलं, कारल्याचा रस काढला. सवयीचं काम हाताने आपलं आपण केलं.

सकाळी मी त्या मुलीला वाट्यांचा धडा सांगितला आणि तिने डॉक्टरांना थांबवून घेतलं. मुलगा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. तिने त्यांच्या हाताची पट्टी सोडली, त्यांना टेकून बसवलं आणि जेवणाच्या फळीवर तिन्ही वाट्या मांडल्या. त्यांनी वाट्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

रिकामी वाटी. “सर, यात काय आहे?” थांबून थांबून, “का... काही नाही.”

कारल्याची वाटी ओठांशी. “नको.”

मिठाची. “ही साखर ना?” डोळे मिटले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. “नव्हे.”

माझा श्वास मोकळा झाला की अडकला, सांगता येत नाही. डॉक्टर मात्र मान हलवत म्हणाले, “छान. पण हे पाठांतर झालं. माणसाची भाषा गेली तरी पाढे राहतात, आरत्या राहतात. यांनी हा धडा किती वर्षं घेतला असेल?”

त्यांचं बरोबर होतं. माझ्याही मनात तेच आलं होतं.

“खरंय सर,” ती मुलगी म्हणाली. “काकू, चहाची साखर असंल ना हितं?” तिने वाट्या उचलल्या, पाठमोरी झाली आणि परत मांडल्या. आता रिकामी वाटी तिसऱ्या जागी होती. पहिलीत साखर. मधल्या वाटीत काहीच बदल नसेल असं मला वाटलं, पण तिने तिच्यातला रस टाकून, धुऊन, तिथे एक नवीकोरी नळी गुंडाळून ठेवली होती.

पहिली वाटी पुढे करून तिने विचारलं, “सर, हे मीठ ना?”

त्यांनी वाटीकडे पाहिलं. तिने चमच्याच्या टोकाने एक कण त्यांच्या जिभेवर टेकवला. ते म्हणाले, “नव्हे.” आणि मग, ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती, “सा... साखर.”

“आणि यात काही आहे का?” तिसरी, रिकामी. “नाही.”

मुलगा पुढे झाला. माझा खांदा धरून म्हणाला, “बाबा, ही कोण? ही आत्या का?”

वर्गात फार सोप्या प्रश्नाला चुकणाऱ्याकडे पाहावं तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “नव्हे,” ते म्हणाले. मुलगी हसून म्हणाली, “नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. पण सरांनी पूर्ण मार्क घेतले.” मुलगा हसला नाही. डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

मग तिने मधली वाटी पुढे घेतली. हसणं बाजूला ठेवून, हळू, एकेक वाक्य तोडून बोलली. “सर, ही नळी. नाकातली काढायची आणि ही पोटात बसवायची. डॉक्टर म्हणतात बसवू. बसवायची?”

“नको.”

“काढून टाकायची का? नाकातलीबी?”

मान हलली. “हं.”

“नळी नसंल तर घास फुप्फुसात जाऊ शकतो. मंग ताप येतो. त्यात माणूस जातो, सर. कळलं का?”

“हं.”

“भीती वाटते का?”

“नाही.”

मुलगा एकदम म्हणाला, “बाबा, नळी बसवू या. थोडे दिवस. मग बघू.” त्याचा आवाज लहानपणी सायकल मागताना यायचा तसा आला. “नको,” ते म्हणाले. “बाबा, ऐका ना.” “नको.”

आणि त्यांनी डावा हात उचलला. पट्टीचे वळ त्यावर अजून होते. हात थोडा भरकटला, फळीच्या कडेला लागला, मग त्यांनी तो त्या वाटीवर आणला आणि पालथा धरला. आडवा. तसाच धरून राहिले.

मुलाने हे वर्षानुवर्षं दाराआडून पाहिलेलं होतं. तो पलंगाचा पायथा सोडून बाहेर व्हरांड्यात गेला. डॉक्टर काही वेळ त्या हाताकडे बघत होते. उठताना एवढंच म्हणाले, “दुपारी पुन्हा विचारू, आणि उद्या सकाळी एकदा. तेच म्हणाले तर मी आग्रह करणार नाही.” दुपारी मुलीने प्रश्न फिरवून विचारले, दुसऱ्या सकाळी डॉक्टरांनी स्वतः. उत्तर बदललं नाही. नाकातली नळी काढली. हात त्यानंतर कुणी बांधला नाही.

घरी आणलं तेव्हा चैत्र संपत आला होता. त्या मुलीने मला भरवायला शिकवलं. सरळ बसवायचं, हनुवटी छातीकडे झुकवायची, अर्धा चमचा, गिळलं का ते गळ्याला बोट लावून बघायचं, मगच पुढचा. पातळ काही नाही; पाणीसुद्धा दाट करून. ज्वारीची घट्ट आंबील, मऊ खिमट, कुस्करलेलं पिकलं केळं. एका वाटीला तास लागायचा. कधी ठसका लागला की त्यांचा चेहरा निळसर व्हायचा आणि मी पाठीवर थोपटत राहायची. ठसका ओसरला की ते पुन्हा तोंड उघडायचे. चव त्यांना हवी होती. मुलगी आठवड्यातून एकदा गारखेड्यावरून स्कूटीवर यायची, तिने कधी पैशाचं काढू दिलं नाही. येताना म्हणायची, “सर, आज काय नको?” आणि ते खरोखर विचार करायचे.

ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. त्यांचं वजन उतरत होतं. अंघोळ घालताना बरगड्या हाताला लागायच्या. मुलगा शनिवारी यायचा, दारातच उभा राहून आधी त्यांच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि चप्पल काढायचा.

वैशाखात ताप आला. छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, न्यायचं असेल तर आज न्या. मी त्यांना विचारलं, “अहो, हॉस्पिटलात जायचं का?” आवाज फार बारीक झाला होता. “नको.” मी पुन्हा विचारलं नाही. एकदाच विचारलं, आणि थांबले.

शेवटच्या दिवशी सकाळी मी केळ्याचा चमचा ओठांशी नेला. ओठ उघडले नाहीत. मी वाट पाहिली. चमचा थोडा रेटला असता तर ओठ उघडलेही असते. अंगात जोर राहिला नव्हता. त्यांनी डावा हात हलवला. तो वर आला नाही, चादरीवरच पालथा पडला. मी चमचा वाटीत ठेवला आणि वाटी खाली ठेवली. दुपारी ते गेले.

तेराव्याला वैजापूरहून माझ्या नणंदबाई आल्या होत्या. पंगत बसली होती, मी वाढत होते. भात कालवता कालवता त्या म्हणाल्या, “नळी घातली आसती तं माझ्या भावाची चार वर्सं निघाली आसती. तुम्ही ऐकलं कशाला त्याचं? आजारी माणूस, काहीबी म्हणतंय.”

मुलगा पलीकडे पाणी वाढत होता. तो तांब्या घेऊन तिथेच उभा राहिला. “काहीबी नव्हे, आत्या,” तो म्हणाला. “मी विचारलं होतं. आम्ही तीनदा विचारलं.”

“तू लेकरू हाईस,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. “वैनी, तुम्हाला तरी काय वाटत व्हतं? तुम्हाला नको झाला व्हता का तो?”

पंगतीतले दोघंतिघं खाली बघून जेवू लागले. त्यांचा तो एकच भाऊ होता. मला राग आला नाही.

“मला ते हवे होते, वन्सं,” मी म्हणाले. “कसेही. पण प्रश्न मला विचारलेला नव्हता.”

त्यांनी डोळ्यांतलं पाणी खांद्याने पुसलं, हात उष्टा होता म्हणून. त्यांचा भात कोरडा दिसला म्हणून मी वरणाचं भांडं पुढे केलं. “नको,” त्या म्हणाल्या. मी पळी भरली होती. त्यांनी डावा हात पानावर आडवा धरला.

मी पळी परत भांड्यात सोडली आणि पुढच्या पानाकडे गेले.